प्रकल्प नोंदी: कोवळा की जून? दोडका, दुधी आणि पोटातलं बी

१४ जुलै २०२४, रविवार, सातारा

शुक्रवारी ३५ डब्यांत दोडक्याची भाजी दिली होती. त्यातले चार डबे अर्धे परत आले. एकात चिठ्ठी होती: "काकू, भाजी छान, पण बिया कडाकडा लागतात." खरं सांगायचं तर चिरतानाच मला शंका आली होती. पण चार किलो दोडका सोलून झाला होता आणि घड्याळात साडेसात. शिजल्यावर मऊ पडेल अशी मनाची समजूत घातली. बी शिजून मऊ पडत नाही. टरफल एकदा घट्ट झालं की कितीही वाफ द्या, भाजीचा गर गळून जातो आणि बी तसंच राहतं, उलट जास्तच जाणवतं.

वीस वर्षं भाजी घेतेय, तरी दोडका कापल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. मग आता वही घातली आहे. दर खेपेला घेतलेला प्रत्येक दोडका आणि दुधी घेताना काय वाटलं ते आधी लिहायचं, कापल्यावर आत काय निघालं ते शेजारी लिहायचं. पावसाळा संपेपर्यंत हे करून बघू.

बी किती झालंय हे मोजायला एक माप हवं होतं. नंबर द्यायचा विचार केला, पण आत्या फोनवर म्हणाली, "नंबर कशाला गं, जोंधळ्याला म्हणतो तसं म्हण की." म्हणून तिचेच शब्द घेतले. बीच्या जागी नुसती चकचकीत ओली खूण असेल तर पाणी. बी पांढरं दिसतंय, पण सुरीखाली कळत नाही आणि बोटात चिरडलं तर ओलं होतं, ते दूध. बी अख्खं सुटून येतं, साल वेगळी कळते पण नख रुततं, आत गर भरलेला, तो हुरडा. आणि नख घसरतं, दाताखाली कच्च वाजतं, ते टरफल. दूधपर्यंत सगळं पानात चालतं. हुरड्याला विचार करायचा. टरफल आलं की बी काढायचं किंवा भाजीच बदलायची.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. डबे बंद, म्हणून मंडईत सावकाश फिरले. अर्धा किलो दोडका आणि दोन दुधी घेतले.

दोडके निवडताना नेहमीची परीक्षा केली: हातात धरून हलकं वाकवायचं. वाकला तर कोवळा. तीनही सुरेख वाकले, जवळजवळ धनुष्यासारखे. वहीत लिहिलं: "तिन्ही कोवळे."

घरी येऊन कापले. एक दूध, दोन टरफल! एकात तर बियांच्या भोवती जाळी धरायला लागली होती. सुरी फिरवताना बारीक धागे तुटल्याचं हाताला कळत होतं.

असं का झालं, याचा उलगडा दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या आक्कांनी दोन वाक्यांत केला. "ताई, तो माल परवाचा व्हता. वाळला की जून दोडका बी वाकतोय." म्हणजे इतकी वर्षं मी एकाच परीक्षेत दोन प्रश्न विचारत होते. दोडका वाकतो तो दोन कारणांनी: एक तर अंगच कोवळं आहे म्हणून, नाहीतर अंगातलं पाणी गेलं म्हणून. दुसऱ्या प्रकारच्याला मी कोवळा समजून आणत होते. फ्रीजमध्ये चार दिवस पडलेला दोडका चामड्यासारखा होतो, तोही वाकतोच की.

ताजा कोवळा दोडका मुळात फार वाकतच नाही. थोडा लवतो आणि जोर दिला तर कटकन मोडतो. मऊपणा आणि कोवळेपणा वेगळे, हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

२० जुलै, शनिवार

आजपासून वाकवणं बंद. आधी ताजेपणा बघायचा, मग कोवळेपणा.

ताजेपणा देठावर दिसतो. कापलेलं टोक ओलसर हिरवं असेल तर तोडा कालचा किंवा आजचा. टोक तपकिरी, सुकून आत ओढलेलं असेल तर माल शिळा. शिळा म्हणजे जून नव्हे, पण शिळ्या मालावर कोवळेपणाची कुठलीही परीक्षा खरी उतरत नाही, म्हणून तो सरळ बाजूला.

कोवळेपणासाठी शिरांवरून अंगठा फिरवला. दोडक्याला दहा शिरा असतात (मोजल्या, आणि मग सगळ्याच मोजत बसले, दहाच). कोवळ्या दोडक्याच्या शिरा उभ्या आणि टोकदार असतात, पण अंगठ्याने दाबल्या की बाजूला कलतात. जून दोडक्याची शीर कलत नाही, बोटाला बोचते आणि तिची धार फिकट, पिवळट-पांढरी पडलेली असते. आक्का हे नुसतं हात फिरवून सांगतात, बघतही नाहीत.

सहा दोडके घेतले, सहाही दूध निघाले. एका दिवसावरून काही ठरत नाही, पण भाजी मात्र फार सुंदर झाली.

२५ जुलै, गुरुवार

तीन दिवस रपरप पाऊस. मंडईत माल कमी आणि आलेले दोडके हातभर लांब. शिरांची परीक्षा केली तर निम्म्याहून जास्त ढिगारा निबर. आक्का म्हणाल्या, पावसाने मळ्यात पाय ठेवता येत नाही, तोडा राहिला.

हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं. दोडक्याचा तोडा दोन-तीन दिवसांआड करावा लागतो. एक तोडा चुकला की वेलावरचं कोवळं फळ पुढच्या तोड्याला जून होऊनच येतं. मोठ्या झडीनंतर पहिला जो माल मंडईत येतो त्यात ही चुकलेल्या तोड्याची फळं सगळी एकदम येतात. त्या दिवशी दोडका टाळावा, दोन दिवस थांबावं. आज डब्यात दोडक्याऐवजी मटकी दिली.

३ ऑगस्ट, शनिवार, आत्याचं गाव (कोरेगाव तालुका)

बाजारातल्या फळाचं वय कळत नाही, तोवर वहीतले अंदाज अंदाजच राहणार. म्हणून आत्याच्या परसातल्या मांडवाकडे आले. एका बाजूला दोडक्याचे वेल, दुसऱ्या बाजूला दुधीचा एक अवाढव्य वेल, तो आता गोठ्याच्या पत्र्यावर चढलाय.

फूल उमललं तो दिवस धरून मोजायचं ठरवलं. दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उमलतं, दुधीचं पांढरं दिवेलागणीला. मादीफूल ओळखणं सोपं, त्याच्या मागे बोटभर फळ आधीच असतं. नुसत्या बारीक दांड्यावरचं ते नरफूल. संध्याकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत दोडक्याच्या आठ आणि दुधीच्या चार मादीफुलांच्या देठाला लाल लोकर सैल बांधली. आधी कागदाची चिठ्ठी लावणार होते, आत्या हसली. "पावसात चिठ्ठी? लोकर बांध. आजची लाल, उद्याची बांधायची झाली तर पिवळी."

पतंगांच्या भरवशावर न राहता नरफूल तोडून मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवलं. पावसाळ्यात परागकण धुऊन जातात, मग फळ धरत नाही.

१० ऑगस्ट, शनिवार, आत्याकडे

सात दिवस झाले. आठांतले दोन दोडके पिवळे पडून गळाले, धरलेच नव्हते. एकाला फळमाशी लागली: साल आत दबलेली, वर डिंकाचा कोरडा थेंब आणि फळ त्या बाजूला वाकडं झालेलं. कापलं तर आत बारीक अळ्या. बाजारात वाकडा दोडका दिसला की असा थेंब शोधायचा. थेंब नसेल तर वाकडेपणा बहुधा नीट परागण न झाल्याचा, त्याला घाबरायचं कारण नाही. ज्या बाजूला बी धरलं नाही ती बाजू वाढत नाही आणि फळ तिकडे वळतं. तसा दोडका खायला उलट बरा.

उरलेल्या पाचांतला एक तोडला. वीतभर आणि वर चार बोटं लांब. शिरा लवलवीत. कापल्यावर देठाकडे पाणी, खाली जाड भागात दूध. हे नोंदवण्यासारखं आहे: एकाच दोडक्यात दोन्ही टोकांचं बी सारखं नसतं. देठाकडचा भाग बारीक, तिथे बी विरळ आणि मागे राहिलेलं. म्हणून बघायचं असेल तर फुलाकडच्या जाड भागात बघावं. मी आजवर नेहमी देठ कापून तिथेच डोकावत होते आणि "कोवळा आहे" म्हणत होते.

१२ ऑगस्ट, सोमवार, सातारा

आत्याने आजचा नऊ दिवसांचा दोडका गावच्या एका पाहुण्याच्या पिशवीतून पाठवला, लोकरीसकट. लांबी पहिल्यापेक्षा फारशी जास्त नाही, जाडी मात्र वाढलेली. जाड भागात बी दूध संपून हुरड्याच्या वाटेवर. बी बोटात घेतलं तर सुटं आलं, साल मऊ. भाजी केली, बी कळलं पण टोचलं नाही.

म्हणजे लांबीवरून वय कळत नाही. काही जाती मुळातच लांब, गावठी आखूड. आखूड गावठी दोडका आठ दिवसांत जेवढा होतो, तेवढा लांब जातीचा चौथ्या-पाचव्या दिवशीच होतो. "लहान बघून घे" ही सासूबाईंची शिकवण अर्धीच खरी. एकाच ढिगाऱ्यात, एकाच जातीच्या मालात लहान घ्यावा, हे बरोबर. दोन वेगळ्या ढिगाऱ्यांत लहान-मोठं बघून उपयोग नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार, आत्याकडे

बारा दिवसांचा दोडका. बाहेरून बघाल तर देखणा, हिरवागार, ताजा. शीर दाबली, कलली नाही. कापला, जाड भागात टरफल. बी अजून पांढरंच होतं, काळं नव्हतं. इथेच आपण फसतो. बी काळं दिसलं की जून, पांढरं दिसलं की कोवळं असं आपण धरतो, पण टरफल आधी घट्ट होतं आणि काळं बऱ्याच नंतर. बघू नये, नखाने दाबावं.

सात ते बारा, पाच दिवसांत सगळा खेळ. आत्याच्या मांडवाचं, ऑगस्टमधलं आणि तिच्या गावठी बियाण्याचं हे गणित. उन्हाळ्यात, पाणी कमी असेल तर, ते याहून वेगळं येणार हे उघड आहे.

उरलेल्या दोनांतला एक आत्याच्या जेवणात गेला. एक वेलावर ठेवला, बियाण्यासाठी. त्याच्यावर लाल लोकरीच्या जोडीला फडक्याची चिंधी बांधली, कुणी तोडू नये म्हणून.

दुधी आज बारा दिवसांचा. चार फुलांपैकी तीन धरलेत. एक तोडला. फिकट पोपटी, अंगावर बारीक पांढरी लव, हाताला मखमलीसारखी. नख लावलं, सहज रुतलं, पाणी आलं. आत बी पाणी-दुधाच्या मधे, गर घट्ट, कुठे पोकळी नाही. साल न काढता किसली तरी चालली असती.

१९ ऑगस्ट, सोमवार, सातारा

राखीपौर्णिमा. आत्येभाऊ राखीला आला आणि सोळा दिवसांचा दुधी घेऊन आला. राखीचं ताट बाजूला ठेवून आम्ही दोघं दुधी कापत बसलो, सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

लव अजून होती, पण देठाकडेच. मधल्या भागात घासली गेलेली. नख रुतलं, जोर द्यावा लागला. बी हुरडा: चपटं, पांढरं, मधल्या गरातून बोटाने ढकललं की सुटतं. गर मात्र छान. दुधीत आणि दोडक्यात हाच मोठा फरक आहे. दुधीत बी मधल्या मऊ गाभ्यात असतं आणि बाहेरचा गर जाड. हुरड्याला आलेला दुधी उभा चिरून चमच्याने गाभा खरवडला की उरलेलं सगळं चांगलं. दोडक्यात बी सगळ्या गरात पसरलेलं. ते काढायला गेलं तर भाजीला काही उरतच नाही. म्हणून दोडका घेताना जितकं कडक राहायला हवं तितकं दुधीला नको.

२४ ऑगस्ट, शनिवार, आत्याकडे

एकवीस दिवसांचा दुधी. हिरवा रंग फिकट, साल चकचकीत आणि लव पूर्ण गेलेली. नख घसरलं. एवढ्याच आकाराचा एक तरणा दुधी शेजारच्या वेलावर होता, तो तोडून दोन्ही हातांत एकेक धरले. जून दुधी हाताला हलका लागतो, आणि कापल्यावर कारण दिसलं: गाभा कापसासारखा भुसभुशीत, मधे फटी. बी टरफल, कडेला किंचित तपकिरी.

लवेबद्दल एक गोष्ट ठरली. लव दिसली तर दुधी कोवळा, हे जवळजवळ खरं. लव दिसली नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण पोत्यात, क्रेटमध्ये घासून ती जाते. अशा वेळी देठाच्या लगत, जिथे हात लागत नाही तिथे बघावं. तिथे लव असेल तर घ्यावा.

नखाची परीक्षा सगळ्यात खरी, पण मंडईत ती करू नये. नखाची खूण तासाभरात काळी पडते आणि दुधी विकला जात नाही. आक्कांनी माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला चांगलं झापलं होतं. विचारून, देठाच्या खोडाला नख लावावं. देठही कोवळ्या दुधीचा रसरशीत असतो, जून झाला की लाकडासारखा होतो.

२८ ऑगस्ट, बुधवार, सातारा

आज सोलण्याबद्दल. कोवळ्या दोडक्याची पूर्ण साल काढणं म्हणजे भाजी फेकणं. फक्त शिरा काढायच्या. मधल्या खाचांतली साल पातळ असते, शिजते आणि भाजीला हिरवा रंग तिचाच.

मी विळीवर करते. दोडका आधी धुवायचा (सोलल्यावर धुतला की पाणी पितो), दोन्ही टोकं उडवायची. मग देठाकडून खाली एकेक शीर पात्यावरून ओढायची. पातं शिरेच्या बुंध्याला लागेल एवढंच. जास्त खोल गेलं की खाचेची साल येते, वरवर गेलं की शिरेचा कडक कणा भाजीत राहतो. सोलाण्याने करायचं तर शिरेवर हात हलका ठेवून एकदाच फिरवावं. दोनदा फिरवलं की गर निघतो. दहा शिरा, दहा पट्ट्या.

आजच्या एक किलो कोवळ्या दोडक्यातून शिरा आणि टोकं मिळून १९० ग्रॅम गेलं. मुद्दाम अर्धा किलो जरा जून घेतला होता, त्याची साल पूर्ण काढावी लागली. त्याचं १७० ग्रॅम गेलं, शिवाय बियांचा त्रास. म्हणजे स्वस्तातला जून दोडका स्वस्त पडत नाही.

शिरांची पट्टी हीच आणखी एक परीक्षा आहे, सोलताना आपसूक होणारी. पट्टी दोन बोटांत वाकवायची. कटकन तुटली तर दोडका कोवळा आणि शीर चटणीच्या कामाची. न तुटता दोऱ्यासारखी वळली आणि ओढल्यावर तंतू निघाले तर ती चटणीत घालू नये. कितीही परतली तरी तोंडात चोथा राहतो. मागच्या महिन्यातली माझी चटणी लोकांना का आवडली नव्हती ते आज कळलं.

चटणी अशी केली: शिरा कपड्यावर पसरून तासभर कोरड्या केल्या, कात्रीने बारीक कापल्या, चमचाभर तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतल्या. वीस मिनिटं लागतात, घाई केली की बाहेरून करपतात आणि आत ओल्या राहतात. तीळ, सुकं खोबरं, लसूण, हिरवी मिरची वेगवेगळं भाजून शेवटी मीठ घालून जाडसर कुटलं. भाजीत मीठ घालताना मात्र दोडका अर्धा आळल्यावरच घालावं. पातेलंभर दोडका वाटीभर होतो आणि आधी घातलेलं मीठ दुप्पट लागतं. हे मी शिकवलेल्या प्रत्येक मुलीकडून एकदा झालेलंच आहे, माझ्याकडूनही.

१ सप्टेंबर, रविवार

आज गडबड झाली. तीन दुधी घेतले, तिन्ही नखाला कोवळे, लव असलेले, दूधसुद्धा नव्हतं आलेलं. पहिला चिरून सवयीने एक फोड जिभेला लावली. कडू जहर. थुंकून टाकली, तरी जिभेवर पाच मिनिटं चव राहिली.

वहीत हे लिहिणं गरजेचं आहे, कारण माझं सगळं मोजमाप बियांच्या वयावर चाललंय आणि कडूपणाचा वयाशी संबंधच नाही. अगदी कोवळा, देखणा दुधीही कडू निघू शकतो आणि बाहेरून त्याची काही खूण नसते. कडूपणा कुकरबिटासिन नावाच्या घटकांमुळे येतो. शिजवून तो जात नाही, मीठ लावून, पिळूनही नाही. कडू दुधीच्या रसाने उलट्या, जुलाब, रक्ताच्या उलट्या झाल्याची उदाहरणं आहेत, माणसं दगावलीही आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा रस पिऊ नये असं सांगितलेलं आहे. रस काढणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण एकदम पेलाभर घशाखाली जातो.

म्हणून डब्यासाठी नियम: प्रत्येक दुधीच्या दोन्ही टोकांची छोटी फोड जिभेच्या टोकाला लावायची आणि थुंकायची. दोडक्यालाही हेच, तोही कधीकधी कडू निघतो. पाच किलोच्या पातेल्यात एक कडू पडला तर सगळं पातेलं ओतावं लागतं. आजचे उरलेले दोन गोड होते. पहिला उकिरड्यात, गुरांनाही नाही दिला.

८ सप्टेंबर, रविवार

ऋषिपंचमी. ऋषीच्या भाजीला दोडका लागतोच, सोबत अळूची देठं, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातल्याच भाज्या. आज मंडईत आधल्या दिवशीच्या गणपतीच्या गर्दीने माल संपत आलेला. आक्कांच्या टोपलीत तळाशी सात दोडके.

देठ बघितले: चार हिरवे, तीन सुकलेले. तीन बाजूला. चारांच्या शिरा दाबल्या, तीन कलल्या, एक बोचली. तीन घेतले. आक्का बघत होत्या. म्हणाल्या, "चौथा घ्या की, देवाचं काम हाय, पैसे देऊ नका." घेतला. घरी कापला: जाड भागात टरफल, नखाने पक्कं. देठाकडचा तिसरा भाग मात्र दूध होता. तेवढा भाजीत घातला, उरलेला टाकला. ऋषीची भाजी सगळी एकत्र शिजून एकजीव होते, तरी बी दाताखाली आलं असतंच.

वही इथपर्यंत: १७ जुलैला तीनांत दोन चुकले होते. देठ आणि शिरांची परीक्षा सुरू केल्यापासून ८१ दोडक्यांत सात चुकले. सातांपैकी पाच झडीनंतरच्या दोन दिवसांत घेतलेले. उरलेल्या दोनांचं कारण सापडलं नाही. बाहेरून कोवळे वाटले, आत हुरडा पार केलेला.

२० ऑक्टोबर, रविवार, आत्याकडे

पाऊस ओसरून बरेच दिवस झाले. बियाण्याचा दोडका वेलावरच वाळला होता, तपकिरी, चिंधी अजून त्याच्या गळ्यात. तोडून कानाशी हलवला, खुळखुळ्यासारखा वाजला. फुलाकडच्या टोकाला एक गोल झाकण असतं, ते अंगठ्याने दाबताच सुटून पडलं. दोडका उलटा धरला तर बिया परातीत पडल्या: काळ्या, खरखरीत, चपट्या. मी मोजल्या, ११४. आत्याने त्यातल्या हलक्या, पोकळ उडवून बाकी राखेत घालून बरणीत ठेवल्या.

आत उरलेली जाळी तिने माझ्या हातात दिली, भांडी घासायला.